थंडी वाढली की तापणारी आई

साप, पाली, कासवं यांना आपण थंड रक्ताचे प्राणी म्हणतो. त्यांचं रक्त थंडच असतं असं नाही. शरीराची ऊब त्यांना बाहेरून मिळवावी लागते, उन्हातून किंवा तापलेल्या दगडावरून, एवढाच त्याचा अर्थ. हवा गार झाली की त्यांचं शरीर गार होतं, हालचाल मंदावते, श्वासही कमी लागतो. अजगरही एरवी असाच जगतो. पण अंडी घातलेली मादी त्या अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली की पुढचे दोन महिने तिच्या शरीराचा कारभार पार उलटा होतो. हवा गार होत गेली की ती अधिक जोरात काम करू लागते आणि अंडी गरम ठेवते.

ही गोष्ट विज्ञानाच्या दारात पहिल्यांदा गेली ती बंगालमधून. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी भारतात प्राणी आणि वनस्पती गोळा करत फिरला होता. १८३२ साली त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं की इथली अजगराची मादी अंड्यांवर बसते आणि पक्ष्यासारखी ती उबवते. अकादमीतल्या सर्पतज्ज्ञांना ते पटलं नाही. सापाकडे स्वतःची ऊब नसतेच, तर तो ती अंड्यांना देणार कुठून, हा त्यांचा आक्षेप होता आणि तेव्हाच्या ज्ञानाला धरून तो बरोबरही होता. पण १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगर मादीने अंडी घातली आणि ती त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसली. वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने तिच्या वेढ्यांमध्ये तापमापक सरकवला. वेढ्यांच्या आतलं तापमान खोलीच्या हवेपेक्षा स्पष्टपणे जास्त भरलं. लामार-पिकोचं निरीक्षण खरं होतं.

तरीही वाद मिटला नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नंतर एका आफ्रिकी अजगराच्या मादीवर अशीच मोजमापं झाली. ती नरापेक्षा थोडी गरम होती, पण फरक इतका किरकोळ की त्यावरून काही ठामपणे म्हणता येईना. आज त्याचं कारण कळतं. पॅरिसचा अजगर आशियाई होता आणि लंडनचा आफ्रिकी. अजगरांच्या सगळ्या जाती अंड्यांना वेटोळं घालतात, पण थरथरून ऊब निर्माण करण्याचं काम त्यांतल्या थोड्याच करतात. वेगवेगळ्या जातींवरची उत्तरं एकाच प्रश्नाला लावल्यामुळे शंभराहून जास्त वर्षं हा घोळ चालू राहिला.

तो सोडवला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीने. हचिसन, डाउलिंग आणि विनेगर या तिघांनी १९६६ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती बर्मी अजगराची मादी होती. त्या काळी बर्मी अजगर आपल्या भारतीय अजगराचीच उपजात मानला जाई. आता त्याला वेगळी जात म्हणतात. संशोधकांनी भोवतालच्या हवेचं तापमान हळूहळू बदललं आणि त्याच वेळी दोन गोष्टी मोजल्या: मादीचं तापमान आणि ती किती प्राणवायू वापरते ते. प्राणवायूचा हिशोब महत्त्वाचा होता, कारण शरीर आतून किती इंधन जाळतं आहे ते त्यावरूनच कळतं.

हवा ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना ती शांत पडून होती. हवा त्याखाली उतरू लागली तसे तिच्या अंगातले स्नायू मधूनमधून आखडू लागले. जितकी गारवी जास्त, तितके हे झटके जवळजवळ. २५.५ अंशांपाशी तिचा प्राणवायूचा वापर, ती अंड्यांवर नसताना त्याच तापमानाला होतो त्याच्या सुमारे नऊ पट झाला होता. हवेपेक्षा तिचं शरीर काही अंशांनी गरम राहिलं. एखाद्या सापाच्या बाबतीत यापेक्षा ठोस पुरावा मागता येणार नाही, असं मला वाटतं. अंड्यांवर न बसलेल्या मादीत तापमान उतरलं की प्राणवायूचा वापर उतरतो. या मादीत तो चढत होता. आलेखाची रेघ खाली जायची ती वर गेली होती.

ही थरथर म्हणजे थंडीत आपले दात वाजतात तशी बारीक, सततची नसते. मादीकडे थोडा वेळ पाहत राहिलं की एक झटका दिसतो: जाड वेढ्यांमधून आखडण्याची एक लहर जाते, कातडीवरचे खवले क्षणभर सरकतात आणि सगळं पुन्हा स्थिर होतं. माणसाला उचकी लागावी तसंच हे दिसतं. सौम्य गारव्यात दोन झटक्यांमध्ये बराच वेळ जातो; गारवा वाढला की मिनिटाला तीसच्या घरात झटके येतात. त्या वेळी ती कुठे सरकत नसते की भक्ष्य आवळत नसते. एरवी ससा किंवा भेकर आवळून मारणारे तेच स्नायू आता फक्त उष्णतेसाठी चालतात. स्नायू आखडताना जे इंधन जळतं त्यातला थोडाच भाग हालचालीत जातो आणि बाकीची उष्णता होते. धावल्यावर आपल्याला घाम येतो तो त्यामुळेच. अंड्यांवरची मादी जागची हलतच नसल्याने तिने जाळलेल्या इंधनाची जवळजवळ सगळी उष्णताच होते.

पण उष्णता निर्माण करून भागत नाही, ती टिकवावीही लागते. बारीक साप कितीही थरथरला तरी त्याची ऊब हवेत निघून जाईल, कारण वजनाच्या मानाने त्याची उघडी कातडी फार असते. अजगराचं शरीर जाड असतं आणि वेढे एकावर एक बसले की उघडी कातडी आणखी कमी होते. अंडी एकमेकांना चिकटून त्यांचा एक घोस झालेला असतो. त्या घोसाला मादी खालून वरपर्यंत वेढते आणि वरचं तोंड आपल्या डोक्याने झाकते. गारवा वाढला की वेढे घट्ट होतात आणि अंडी दिसेनाशी होतात. ऊब पुरेशी झाली की वेढे सैल पडतात आणि हवा खेळू लागते. हे सैल होणंही गरजेचं आहे. आतली पिल्लं कवचातूनच श्वास घेतात, त्यामुळे वेटोळं कायम गच्च राहिलं तर त्यांना प्राणवायू कमी पडेल. उलट ते कायम उघडं राहिलं तर मऊ, चामड्यासारख्या कवचातलं पाणी उडून अंडी सुकतील.

एवढा खटाटोप कशासाठी, हे अंड्यांवरूनच कळतं. या अजगरांची अंडी ३० ते ३२ अंशांच्या आसपास उत्तम वाढतात आणि साधारण दोन महिन्यांत फुटतात. काही अंशांनी गार राहिली तर वाढ लांबते, पुष्कळ पिल्लं आतच मरतात, आणि जी बाहेर येतात त्यांतली काही दुबळी निघतात. फार तापली तर पाठीचा कणा वाकडा होण्याचा धोका असतो. चांगल्या आणि वाईट तापमानात फारसं अंतर नाही, आणि मादी सांभाळते ते नेमकं हेच अंतर.

आता एक रात्र डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी बिळातली हवा ३२ अंशांवर आहे. मादी जवळजवळ स्वस्थ आहे, वेढे सैल आहेत. मध्यरात्री पाऊस येतो आणि हवा २७ वर उतरते. आधी ती वेढे आवळते, मग झटके सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालू राहतात. हवा पाच अंश उतरली तरी अंड्यांचं तापमान फार ढळत नाही. हीच हवा २५ च्या बरीच खाली गेली तर मात्र ऊब गमावण्याचा वेग तिच्या ताकदीबाहेर जातो आणि अंडी गार होऊ लागतात. थरथरण्याच्या या ताकदीला मर्यादा आहे. म्हणूनच अंडी घालण्याची जागा निवडताना मादी जे ठरवते त्याचं मोल थरथरण्याइतकंच असतं.

गार झालं आहे हे तिला कशावरून कळतं? अंडी थेट पोटाशी असल्याने ती अंड्यांचं तापमान चाचपत असेल, असं सहज वाटतं. ब्रॅशिअर्स आणि डीनार्डो या संशोधकांनी २०१३ साली बर्मी अजगरांवर हे तपासलं. अंड्यांचं तापमान आणि मादीचं तापमान वेगवेगळं करून पाहिल्यावर दिसलं की मादी स्वतःच्या शरीराच्या तापमानावर चालते. तिचं शरीर गार झालं तर झटके वाढतात. अंडी गार झाली, पण शरीर गरम राहिलं, तर वाढत नाहीत. निसर्गात दोघं एकमेकांना चिकटून असल्याने एकाचं माप दुसऱ्याला चालतं, त्यामुळे या सोप्या पद्धतीने तिचं काम भागतं.

याची किंमत ती आपल्या अंगावर काढते. हे दोन महिने ती बहुतेक काही खात नाही आणि अंगी साठवलेल्या चरबीवर व स्नायूंवर दिवस काढते. ती एरवीही उपाशी राहू शकते, पण हा उपास नऊ पट वेगाने इंधन जाळत करायचा असतो. अंडी फुटतात तेव्हा ती बारीक झालेली असते, आणि ते वजन भरून येईपर्यंत पुन्हा अंडी घालणं तिला सहसा शक्य नसतं. किंमत इतकी मोठी आहे म्हणूनच पुष्कळ जाती या वाटेने गेलेल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या अजगराची मादी थरथरत नाही. ती दिवसा बिळाबाहेर येऊन उन्हात तापते, त्या काळात तिचा रंगही गडद होतो, आणि अंगात साठलेली ऊब ती अंड्यांपाशी नेते. सिडनीच्या आसपासचा डायमंड पायथन मात्र थरथरतो. अजगरांच्या मानाने तो फार गार मुलखात राहतो, म्हणून ही मादी पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी घालते आणि ऊन मिळेल तेव्हा अंग शेकूनही घेते.

आपल्याकडचा अजगर उन्हाळ्यात अंडी घालतो आणि पावसाळा सुरू होता होता पिल्लं बाहेर पडतात. साळिंदराचं जुनं बीळ, झाडाची ढोली किंवा खडकातली कपार त्याला पसंत असते. मेच्या तापलेल्या दुपारी मादीला फारसं थरथरावं लागत नसेल. जूनमध्ये हवा अचानक गार होते तेव्हा खरं काम सुरू होतं. नेमक्या त्याच दिवसांत शेतात नांगरट आणि साफसफाई चालते आणि वेटोळं घातलेली मादी कुणाच्या तरी नजरेस पडते. तिला उचलून लांब सोडली तर ती जगते, पण अंड्यांची ऊब जाते. अंडी हलवावीच लागली तर जी बाजू वर होती ती वरच राहिली पाहिजे, कारण आतलं पिल्लू एका बाजूला चिकटलेलं असतं आणि अंडं उलटलं की ते मरू शकतं. त्यामुळे जाणता सर्पमित्र अंड्यांवर आधी पेन्सिलीने खूण करतो. पण शक्य असेल तर त्याहून बरं म्हणजे वन विभागाला कळवून तेवढा कोपरा अंडी फुटेपर्यंत तसाच ठेवायचा. अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला किंवा त्याच्या अंड्यांना परस्पर हात लावता येत नाही. तो कोपरा मोकळा ठेवावा लागतो तो फार तर दोन महिने.