चहा स्वस्त झाला आणि बंड पेटलं

‘अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची कारणे व परिणाम लिहा.’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांचं पाठ असतं. इंग्लंडने जाचक कर लादले, वसाहती चिडल्या, बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला, युद्ध झालं. गुणही मिळतात. पण ज्या कायद्यापायी तो चहा पाण्यात गेला, त्या १७७३ च्या कायद्याने कर एका पैशानेही वाढवला नव्हता. उलट चहा स्वस्त होणार होता. मग लोक चिडले कशाला?

थोडं मागे जावं लागतं. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा इंग्लंड कर्जात बुडालं होतं. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च तिथल्या लोकांनी उचलावा, असं लंडनला वाटलं. म्हणून १७६५ मध्ये मुद्रांक कर आला. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, इतकंच काय, पत्त्यांच्या जोडावरही कर. वकील, छापखानेवाले आणि दारूचे गुत्तेवाले, म्हणजे बोलणारे, छापणारे आणि माणसं जमवणारे, असे तिघेही एकदम दुखावले गेले. यापेक्षा वाईट निवड करणं अवघड होतं.

‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ ही घोषणा याच काळातली. विद्यार्थी सहसा लिहितात की वसाहतींना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या. पण त्याच वर्षी न्यूयॉर्कला जमलेल्या नऊ वसाहतींच्या प्रतिनिधींनी उलटंच सांगितलं होतं. इतक्या अंतरावरून आमचं प्रतिनिधित्व तिथे होऊच शकत नाही, तेव्हा कर बसवण्याचा हक्क फक्त आमच्या इथल्या विधानसभांचा. भांडण रकमेचं नव्हतं, कर बसवणारा कोण याचं होतं. लंडनने १७६६ मध्ये मुद्रांक कर मागे घेतला, पण सोबत दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. पुढे काच, कागद, रंग, चहा यांवर कर आले. बहिष्कारामुळे १७७० मध्ये तेही काढले, फक्त चहावरचा पौंडामागे तीन पेन्सचा ठेवला. तिजोरी भरण्यापेक्षा हक्काची खूण म्हणून.

इथे आपल्याकडचा धागा येतो. बंगालमध्ये दुष्काळ पडला होता, ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी खर्च फुगला होता आणि लंडनच्या गोदामांत तिचा चहा न विकता पडून होता. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली. तिला वाचवायला पार्लमेंटने १७७३ मध्ये एकीकडे रेग्युलेटिंग ॲक्ट करून भारतातल्या कारभारावर लगाम घातला आणि दुसरीकडे चहा थेट अमेरिकेत विकायची मुभा दिली. इंग्लंडमधली जकात माफ झाल्याने तीन पेन्स भरूनही हा चहा चोरट्या डच चहाशी भावात टक्कर देणार होता. अमेरिकन व्यापारी मात्र मधून गळणार होते, कारण विक्री कंपनीने निवडलेल्या मोजक्या आडत्यांकडे गेली. बोस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे होते! आणि स्वस्त चहा एकदा घरोघरी प्याला गेला, की तो कर निमूटपणे मान्य झाल्यासारखंच होतं. स्वस्ताईची भीती वाटली ती याची.

फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कहून जहाजं परत फिरली, चार्ल्सटनला चहा उतरवून कोठारात पडला. बोस्टनला तसं घडलं नाही. ‘डार्टमाउथ’ हे जहाज नोव्हेंबरच्या अखेरीस आलं. वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात अधिकारी माल जप्त करू शकत होते, म्हणजे तो बंदरात उतरणारच. जहाज मालासकट परत जाऊ द्या, अशी मागणी झाली, हचिन्सनने परवाना नाकारला. मुदत संपायच्या आदल्या रात्री, १६ डिसेंबरला, काही डझन माणसांनी तीन जहाजांवरच्या तीनशे चाळीसच्या आसपास पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला. गव्हर्नरने एक सही केली असती, तर त्या रात्रीचं काही घडलं नसतं असं मला वाटतं. अर्थात वाद मिटला नसताच.

उत्तर लिहिताना इथेच घोटाळा होतो. चहा बुडवणं कारणांत लिहायचं की परिणामांत? ते कराच्या हक्काच्या वादाचा परिणाम आहे आणि युद्धाचं कारणही. मधला दुवा मात्र अनेकदा गाळला जातो. लंडनने १७७४ मध्ये चहाची भरपाई होईपर्यंत बोस्टन बंदर बंद केलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकनियुक्त सभेचे अधिकार छाटले. शिक्षा एका शहराला होती, पण इतर वसाहतींनी त्यात आपलं उद्याचं भविष्य पाहिलं. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले, आणि पुढच्या एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला गोळी सुटली. दोन गुण जास्त मिळवायचे असतील, तर हा दुवा लिहावा.

परिणामांत १७७६ चा जाहीरनामा आणि १७८३ चा पॅरिसचा तह सगळेच लिहितात. नव्या सरकारने कर्ज फेडण्यासाठी १७९१ मध्ये व्हिस्कीवर कर बसवला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांनी वसुली अधिकाऱ्यांना हुसकावून लावलं, हे क्वचितच कोणी लिहितं. या वेळी कर लावणाऱ्या सभेत त्यांचे प्रतिनिधी होते. अध्यक्ष वॉशिंग्टनने १७९४ मध्ये फौज पाठवून ते बंड मोडलं.