अर्जाआधीचं एक पत्र

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना नोकरीच्या अर्जात एक प्रश्न हमखास भेटतो: ‘तुम्हाला आता किंवा पुढे कधी व्हिसासाठी स्पॉन्सरशिप लागेल का?’ खरं उत्तर ‘हो’ असतं, आणि अनेक कंपन्यांत त्या एका खुणेवर अर्ज बाजूला पडतो. म्हणून काही जण अर्ज भरण्याआधीच कंपनीच्या भरती विभागाला पत्र पाठवून विचारतात. हे पत्र बहुधा चुकतं, कारण त्यात ‘तुम्ही स्पॉन्सर करता का?’ एवढंच असतं. भरती अधिकाऱ्याला प्रत्येक पदाचे नियम पाठ नसतात. प्रश्न मोघम असला की ‘नाही’ म्हणणं त्याला सर्वांत सोपं जातं.

पत्राआधी थोडा गृहपाठ लागतो. परदेशी कर्मचारी नेमण्यासाठी कंपनीकडे होम ऑफिसचा परवाना असावा लागतो, आणि अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या GOV.UK या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. तिथे कंपनीचं नोंदणीकृत नाव शोधावं. दुकानावर किंवा जाहिरातीत झळकणारं नाव अनेकदा वेगळं असतं. नावापुढे ‘स्किल्ड वर्कर’ हा मार्ग आणि ‘ए’ दर्जा दिसला पाहिजे. तरीही यादीतलं नाव म्हणजे होकार नव्हे. परवाना असलेली कंपनी अनुभवी अभियंत्याला स्पॉन्सर करील आणि नवख्याला नाकारील.

दुसरी गोष्ट पगाराची. 22 जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पौंड झाला. नुकत्याच पदवीधर झालेल्यांना एवढा पगार क्वचितच मिळतो. जाहिरातीत 36,000 दिसले की अधिकारीही ‘बसत नाही’ म्हणून मोकळा होतो. पण 26 वर्षांखालच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरून थेट येणाऱ्या उमेदवाराला ‘न्यू एंट्रंट’ ही सवलत मिळू शकते. तिची मर्यादा 33,400 पौंड किंवा त्या व्यवसायाच्या ठरलेल्या दराच्या 70 टक्के, यांपैकी जी जास्त असेल ती. पत्रातली ही एक ओळ नकार टाळू शकते.

समजा, सांगलीची एक मुलगी ब्रिटनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं एमएससी करते आहे. तिच्या इंग्रजी पत्राचा मजकूर मराठीत साधारण असा होईल:

‘आपल्या नवपदवीधर अभियंता या पदासाठी अर्ज करण्याचा माझा विचार आहे. माझा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये संपतो आणि विद्यार्थी व्हिसा जानेवारीपर्यंत आहे. आपली कंपनी स्किल्ड वर्कर परवानाधारकांच्या यादीत आहे. जाहिरातीतला 36,000 पौंड पगार न्यू एंट्रंटच्या 33,400 या मर्यादेपेक्षा जास्त आहे आणि या व्यवसायाच्या सवलतीच्या दरातही बसतो, हे मी तपासलं आहे. या पदासाठी आपण स्पॉन्सरशिपचा विचार कराल का, एवढं कळवाल का?’

खाली पदाचा संदर्भ क्रमांक आणि सोबत बायोडाटा. कष्टाळूपणाची वर्णनं इथे नकोत, ती खऱ्या अर्जात येतील.

या पत्रात तारखा का आल्या, हे समजून घेण्यासारखं आहे. स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीला ‘इमिग्रेशन स्किल्स चार्ज’ नावाचा आकार भरावा लागतो. डिसेंबर 2025 मध्ये तो मोठ्या कंपनीसाठी दर वर्षाला 1,320 पौंड झाला, म्हणजे तीन वर्षांच्या नेमणुकीला 3,960. पण उमेदवार विद्यार्थी व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर गेला तर हा आकार लागत नाही. मध्ये ग्रॅज्युएट व्हिसा घेतला तर लागतो. ग्रॅज्युएट व्हिसावर सुरुवातीला स्पॉन्सरशिपच नको असते, म्हणून तो सोयीचा वाटतो; पण पुढे कंपनीचा खर्च वाढतो. जानेवारीची तारीख वाचून जाणकार अधिकारी हे गणित मांडतो.

एक वाक्य मात्र या पत्रात कधीही येऊ नये: ‘खर्च मी देईन.’ अडलेल्या घरांतून ही तयारी पोटतिडकीने दाखवली जाते. पण स्किल्स चार्ज कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कंपनीला बंदी आहे. 31 डिसेंबर 2024 पासून परवान्याच्या आणि स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राच्या शुल्कालाही ती लागू झाली. तशी वसुली उघड झाली तर कंपनीचा परवाना जाऊ शकतो, त्यामुळे सरळ कंपनी अशा उमेदवारापासून दूर राहते. उलट जी कंपनी किंवा मध्यस्थ स्वतःच प्रमाणपत्रासाठी पैसे मागेल, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवावं. व्हिसाचं स्वतःचं शुल्क आणि आरोग्य अधिभार उमेदवाराने भरणं मात्र नियमात बसतं.

आलेलं उत्तरही नीट वाचावं लागतं. ‘या पदासाठी स्पॉन्सर करत नाही’ हा स्पष्ट नकार. ‘ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क हवा’ हा नकार असेलच असं नाही, कारण ग्रॅज्युएट व्हिसाधारकाला तो हक्क असतो. तिथे ‘ग्रॅज्युएट व्हिसावर सुरुवात करून नंतर स्पॉन्सरशिप मिळू शकेल का?’ असा दुसरा प्रश्न विचारता येतो. ‘प्रत्येक प्रकरण पाहून ठरवतो’ असं आलं तर लगेच अर्ज करावा आणि त्या उत्तराची तारीख त्यात नमूद करावी. आठवडाभर काहीच आलं नाही, तर शेवटच्या तारखेआधी अर्ज भरावा आणि फॉर्मवरच्या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर द्यावं; ‘नाही’ लिहिलेलं नियुक्तीच्या वेळी कागदपत्रं तपासताना उघडं पडतं.