‘वडिलांचं अफिडेविट’ म्हणजे नेमकं कोणतं?

बारावी विज्ञानात शिकणारी एक मुलगी पावसाळ्यात वडिलांना घेऊन माझ्या घरी आली. मी बरीच वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक-जावकचं टेबल सांभाळलं, त्यामुळे गल्लीतली मुलं कागदपत्रं घेऊन येतात. तिच्या हातात प्लास्टिकची फाइल होती आणि डोक्यात एकच वाक्य. जात पडताळणी कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी तिची फाइल चाळली, मधल्या एका पानावर बोट ठेवलं आणि सांगितलं, “वडिलांचं अफिडेविट लागेल. करून आणा, मग या.” मागे रांग होती. मुलगी बाजूला झाली.

“काका, कोणतं अफिडेविट ते कळतच नाही,” ती म्हणाली. वडील रिक्षा चालवतात. येण्याजाण्यात त्यांचा एक दिवस बुडाला होता आणि आणखी किती बुडणार याचा ते हिशोब करत होते.

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. पण अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारख्या अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा, तर त्या प्रमाणपत्राची पडताळणी होऊन जात वैधता प्रमाणपत्र मिळावं लागतं. बोलण्यात सगळे त्याला ‘व्हॅलिडिटी’च म्हणतात. महाराष्ट्रात यासाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि २०१२ चे नियम आहेत. त्या नियमांना क्रमांक घातलेले नमुने जोडलेले आहेत. विद्यार्थ्याचा मूळ अर्ज म्हणजे नमुना १६. तो विद्यार्थी आपल्याकडे शिकतो असं प्राचार्य सही-शिक्क्यानिशी लिहून देतात तो १५ अ. वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ आणि अर्जातली माहिती व कागद खरे असल्याचं शपथपत्र नमुना १७. (अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत आणि नमुनेही वेगळे, म्हणून हे क्रमांक त्यांनी वापरू नयेत.)

खिडकीवर मात्र हे क्रमांक क्वचितच उच्चारले जातात. शपथपत्र असेल ते ‘अफिडेविट’, बाकी सगळं ‘फॉर्म’. कारकुनाला आपण काय म्हणतो ते पक्कं माहीत असतं, कारण फाइल त्याच्यासमोर उघडी असते आणि कागदातली खोट त्याला दिसत असते. समोरच्या मुलीला फक्त शब्द ऐकू येतो. त्या बाई उद्धट होत्या किंवा आळशी होत्या असं मला अजिबात वाटत नाही. दिवसाला शेकडो कागद पाहणारं माणूस असंच तुटक बोलतं. त्याची किंमत मात्र खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला मोजावी लागते.

मी फाइल घेऊन बसलो. ‘वडिलांचं अफिडेविट’ या दोन शब्दांचे तीन अर्थ निघत होते.

पहिला अर्थ नमुना ३. वंशावळ वडिलांनीच शपथेवर लिहून दिली होती आणि ती फाइलमध्ये होती. तिच्यात काही चूक सापडली असेल तर ती नव्याने मागितली असणं शक्य होतं.

दुसरा नमुना १७. त्यावर मुलीने स्वतः सही केली होती. तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते, तेव्हा हे शपथपत्र पालकांचं हवं असणार, अशी शंका रास्त होती.

तिसरा अर्थ फाइलच्या मध्यावर सापडला. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा होता, त्यात त्यांचं नाव ‘विठू’. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यात वडिलांचं नाव म्हणून ‘विठ्ठल’. घरात कुणाला हा फरक कधी जाणवलाच नव्हता, कारण माणूस एकच. पण पडताळणी समितीला माणूस दिसत नाही, कागद दिसतात. मुलगी इतर मागासवर्गाची. या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात आणि त्याआधीचे पुरावे सर्वांत वजनदार ठरतात. आजोबांचा तो उतारा त्याआधीचा होता, म्हणजे फाइलमधला सगळ्यात मोलाचा कागद. कायद्याने दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. तेव्हा ‘विठू’ आणि ‘विठ्ठल’ एकच, हे कुणीतरी शपथेवर सांगितलं नाही, तर तो मोलाचा कागद या कुटुंबाचा राहतच नाही. नावातल्या फरकाच्या या शपथपत्राला नियमांत वेगळा क्रमांकही नाही, त्यामुळे यादी पाहून ते सापडलं नसतं.

वडील म्हणाले, “साहेब, तिन्ही करून टाकतो. एकदाचं मिटेल.”

बहुतेक लोक हेच करतात आणि इथेच घोटाळा होतो. वंशावळ आधीच एकदा शपथेवर दिली आहे. ती दुसऱ्यांदा करताना एखाद्या चुलत्याचं नाव राहिलं, किंवा टायपिस्टने ‘विठ्ठल’चं ‘विठोबा’ केलं, तर एकाच माणसाची एकमेकांशी न जुळणारी दोन शपथपत्रं फाइलला लागतात. मग एका त्रुटीच्या दोन होतात आणि दुसरी आपण आपल्या हाताने केलेली असते. जादा कागद जोडल्याने फाइल बळकट होते, हा समज शपथपत्रांच्या बाबतीत तरी सोडून द्यावा.

म्हणून आम्ही पत्र लिहिलं. मुलीने आधी स्वतःच मसुदा आणला होता. त्यात लिहिलं होतं, ‘आपल्या कर्मचाऱ्यांनी मला नीट माहिती दिली नाही, तरी कोणता फॉर्म भरायचा ते कळवावे.’ यातलं पहिलं वाक्य तक्रार आहे, आणि तक्रार आली की ती वेगळ्या वाटेने जाते. दुसरं वाक्य उत्तर देणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून फाइल काढून विचार करायला लावतं. ते दोन्ही काढलं. नंतर तिने वहीच्या कागदावर, स्वच्छ अक्षरात हे लिहिलं:

“प्रति,
मा. सदस्य सचिव,
जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती.

विषय : ‘वडिलांचे अफिडेविट’ म्हणजे कोणते शपथपत्र, हे कळविणेबाबत.
संदर्भ : माझा नमुना १६ मधील अर्ज क्र. ______.

महोदय,
मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी अर्जाची प्रत व मूळ कागदपत्रे घेऊन आपल्या कार्यालयात आले होते. खिडकी क्र. २ वर ‘वडिलांचे अफिडेविट लागेल, करून आणा’ असे मला तोंडी सांगण्यात आले. रांग असल्याने कोणते, हे मी विचारू शकले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे पुढीलपैकी एक अपेक्षित असावे :
१. नमुना ३, वंशावळीचे शपथपत्र (वडिलांनी केलेले, पूर्वीच सादर).
२. नमुना १७ (माझ्या सहीने सादर केले आहे, मला अठरा वर्षे पूर्ण नाहीत).
३. आजोबांच्या नावातील ‘विठू’ व ‘विठ्ठल’ या फरकाबाबत वडिलांचे शपथपत्र (सादर केलेले नाही).
कृपया यांपैकी कोणते लागेल त्या क्रमांकावर खूण करावी, अथवा वेगळे काही हवे असल्यास त्याचे नाव लिहावे, ही विनंती. आपल्या सोयीसाठी खाली जागा सोडली आहे. सोबत संबंधित दोन कागदांच्या छायाप्रती जोडल्या आहेत.
आपली विश्वासू,”

यात कारकुनाचे शब्द जसेच्या तसे आले, दिवस-वेळ-खिडकी आली, पण बाईंवर ठपका आला नाही. रांग होती म्हणून विचारता आलं नाही, हे खरंच होतं आणि तेच लिहिलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरेल अशी सोय केली. मी टेबलावर असताना ‘योग्य ते मार्गदर्शन व्हावे’ अशी पत्रं गठ्ठ्याखाली जाताना पाहिली आहेत. ज्या पत्राला पेनाची एक खूण पुरते, ते हातावेगळं करावंसं वाटतं.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक आवक टेबलावर दिली आणि दुसरीवर तारखेचा गोल शिक्का व आवक क्रमांक घेतला. ही पोच फार जपायची. पुढे प्रवेशाच्या वेळी वैधता यायला उशीर झालाच, तर अर्जदार हात बांधून बसला नव्हता, हे दाखवणारा तोच कागद असतो. फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं २००५ चा दप्तर दिरंगाई कायदा सांगतो. पण तो मोजायचा तर मोजणी सुरू करायला तारीख लागते, आणि तोंडी विचारण्याला तारीख नसते.

सहाव्या दिवशी मुलगी गेली. तिच्या प्रतीवर निळ्या शाईत लिहून मिळालं: ‘२ व ३. वंशावळ प्राप्त.’

म्हणजे खिडकीवरच्या एका ‘अफिडेविट’ शब्दात दोन अफिडेविटं होती. एकवचन ऐकून एकच करून नेलं असतं, तर तिला पुन्हा परत यावं लागलं असतं. तिन्ही केली असती, तर वंशावळ दोनदा लागली असती. नुसत्या अंदाजाने बरोबर उत्तर येणं जवळजवळ अशक्य होतं, आणि मला स्वतःलाही फाइल पाहून ते नक्की सांगता आलं नव्हतं.

दोन्ही शपथपत्रं दुसऱ्या दिवशी तहसील कार्यालयात साध्या कागदावर झाली. सरकारी कार्यालयात सादर करायच्या अशा प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ मध्येच माफ केलं आहे. तरी बाहेरच्या टेबलावरचा माणूस ‘स्टॅम्प पेपर घ्याच’ म्हणत होता. वडिलांनी तो घेतला नाही. नावाच्या शपथपत्रात मात्र एक काळजी घेतली: दोन्ही नावं ज्या-ज्या कागदावर जशी आहेत तशीच, त्या कागदाच्या नावासह लिहिली. नुसतं ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ एवढं लिहिलं असतं, तर कोणती दोन, हा प्रश्न उरलाच असता.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: खिडकीवर ऐकलेले शब्द तिथल्या तिथे वहीत जसेच्या तसे उतरवून घ्या आणि बोट कोणत्या पानावर होतं तेही टिपून ठेवा. त्या मुलीला ते पान आठवत असतं, तर तिसरा अर्थ आम्हाला पहिल्याच मिनिटाला सापडला असता. आणि खिडकीच्या पलीकडे बसलेल्यांना विनंती आहे की ‘अफिडेविट’ म्हणताना चिठोऱ्यावर नमुन्याचा क्रमांक लिहून द्यावा. क्रमांक नसलेला कागद हवा असेल, तर तो कशाबद्दल हवा ते दोन शब्दांत लिहावं. रिक्षावाल्याचा एक दिवस त्याने वाचतो.