जुळ्यांचे चेहरे एकमेकींत मिसळतात तेव्हा

समजा, जुळ्या बहिणी आहेत. थोरली पुण्यात, धाकटी टोरांटोत. बऱ्याच वर्षांत दोघींचा एकत्र फोटो नाही, म्हणून घरच्यांनी दोघींचे वेगवेगळे फोटो देऊन एआयकडून एकत्र चित्र काढून घ्यायचं ठरवलं. चित्र येतं सुरेख, पण त्यात दोन्ही चेहरे थोरलीचे असतात, किंवा दोघींची सरमिसळ झालेली कुणी तिसरीच तिथे उभी असते.

हे का होतं? डिफ्यूजन पद्धतीत चित्र निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळातून टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जातं. प्रत्येक टप्प्यावर चित्राचा प्रत्येक भाग सूचनेतल्या सगळ्या शब्दांकडून थोडंथोडं घेतो. ‘आजोबा आणि नात’ म्हटलं तर वय, केस, उंची यांमुळे कोणता शब्द कुठे लागू करायचा हे आपोआप ठरतं. जुळ्यांच्या बाबतीत तसा आधारच नसतो. दोघी बायका, एकाच वयाच्या, नाकडोळे सारखे. त्यामुळे दोन्ही नावं दोन्ही चेहऱ्यांवर सांडतात. नुसतं ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ लिहून हे थांबत नाही.

स्टेबल डिफ्यूजनसारख्या मॉडेलला विशिष्ट माणूस शिकवण्याची ‘ड्रीमबूथ’ ही रीत २०२२मध्ये पुढे आली. माणसाला एखादं सहसा न आढळणारं नाव द्यायचं, त्याला ‘बाई’ किंवा ‘मुलगा’ असा जातिवाचक शब्द जोडायचा आणि मोजक्या फोटोंवर मॉडेलला सराव द्यायचा. आता लोरा नावाच्या छोट्या जोड-फाइलीत हेच काम स्वस्तात होतं. आपल्या बहिणींसाठी सूचना अशी होईल:

```
photo of ohwx woman on the left, green saree,
zwx woman on the right, red saree
```

मात्र सूचनेपेक्षा फोटोंची निवड जास्त महत्त्वाची असते. थोरलीच्या डाव्या गालावर तीळ आहे, धाकटीच्या पुढच्या दातांत फट. ओळख पटते ती एवढ्यावरच. पण अनेक फोनचा पुढचा कॅमेरा सेल्फी आरशासारखी उलटी साठवतो आणि तीळ उजव्या गालावर जातो. असे फोटो आधी सुलटे करून घ्यावेत. सराव देणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये फोटो उलटे करून संख्या वाढवण्याची सोय असते, कोहयाच्या साधनात तिचं नाव `flip_aug`. इतर वेळी ती निरुपद्रवी असेल, जुळ्यांसाठी मात्र ती बंदच हवी, नाहीतर तीळ दोन्ही गालांवर विभागला जाऊन पुसट होतो.

दुसरी खबरदारी फोटोंखालच्या वर्णनाची. मॉडेल साधारणपणे वर्णनात लिहिलेली गोष्ट वेगळी धरतं, न लिहिलेली नावात मुरवतं. म्हणून ‘जाड जाकीट, बर्फ, घराबाहेर’ हे लिहायचं, तीळ आणि फट लिहायची नाही. धाकटीचे सगळे फोटो जाकिटातले असतील आणि जाकिटाचा उल्लेख नसेल, तर मॉडेलच्या लेखी जाकीट हीच धाकटी.

सराव झाला की थेट एकत्र चित्र काढू नये. सुरुवातीचा आकडा, म्हणजे `seed`, तोच ठेवून आधी एकेकीचं चित्र काढावं. तिथेच तीळ आणि फट दिसली नाही, तर दोष फोटोंत किंवा सरावात आहे. एकेकटी नीट आली आणि एकत्र आल्यावर मिसळली, तर दोष नावं सांडण्याचा. हा फरक कळला नाही, तर माणूस उगाच सूचनेत विशेषणं वाढवत बसतो.

सांडणं रोखायला चित्राचे दोन भाग पाडून प्रत्येक भागाला वेगळी सूचना देता येते. माझ्या मते त्याहून भरवशाचा मार्ग असा: उभं राहणं, साड्या, उजेड एवढं आधी जमवून घ्यावं, मग एकेका चेहऱ्यावर मास्क टाकून तेवढाच भाग पुन्हा रंगवावा. त्या वेळी सूचनेत एकाच बहिणीचं नाव ठेवावं, दुसरी जवळ आहे हेही लिहू नये. बदलाचं प्रमाण, `denoising strength`, ०.४ ते ०.५च्या आसपास ठेवून पाहावं. फार कमी ठेवलं तर मिसळलेला चेहरा तसाच राहतो, फार वाढवलं तर चेहरा आणि मान वेगवेगळ्या उजेडात उभे असल्यासारखे दिसतात.

चेहरा चित्रात मोठा हवा, हेही तितकंच खरं. स्टेबल डिफ्यूजन ५१२ पिक्सेलचं चित्र आतमध्ये ६४ चौकटींच्या जाळीवर रचतं, म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलला एक चौकट. पायापासून डोक्यापर्यंत उभ्या असलेल्या बाईचा तीळ त्या एका चौकटीतही मावून हरवतो. म्हणून कमरेपासून वरचं चित्र घ्यावं आणि रंगवताना चेहऱ्याचा भाग मोठा करून घ्यावा.

तपासणी चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवू नये, कारण एकसारख्या जुळ्यांमध्ये तेही फसतं. केस आणि साड्या झाकून, एकेक चेहरा सुटा कापून तो आईला दाखवावा. ती नाव सांगताना अडखळली, तर त्या चेहऱ्यावर पुन्हा मास्क टाकावा.