प्रगतिपुस्तक तीन ओळींत कसे वाचाल? ‘ब-२’ श्रेणीमागे दडलेले आकडे

सत्र संपले की मुलांच्या हाती प्रगतिपुस्तक येते. पालक श्रेणी पाहतात, शेरा वाचतात, सही करतात. हल्ली काही वर्गशिक्षक व्हॉट्सॲपवरही थोडक्यात कळवतात : ‘गणित ब-२. प्रगती चांगली. सराव हवा.’ ओळी तीनच, पण त्यातून नेमके काय करायचे ते कळत नाही. तेवढ्याच तीन ओळींत कामाची माहिती कशी बसवायची, ते पाहू.

श्रेणी कशी ठरते?

राज्य मंडळाच्या शाळांत पहिली ते आठवीसाठी २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. यात प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात. वर्गातील निरीक्षण, प्रकल्प, स्वाध्याय, चाचणी वगैरेंचे गुण म्हणजे आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी होते ते संकलित मूल्यमापन. सातवीला १०० पैकी ४० गुण आकारिकचे आणि ६० संकलितचे असतात. त्या ६० मध्ये तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे १० आणि लेखीचे ५० गुण येतात.

या सगळ्याची बेरीज करून श्रेणी मिळते. ६१ ते ७० गुणांना ब-२, ५१ ते ६० गुणांना क-१. म्हणजे ६० वरून ६१ झाले तर श्रेणी बदलते, पण ६१ वरून ७० झाले तरी ती तीच राहते.

एकच श्रेणी, दोन वेगळी मुले

उदाहरण म्हणून सातवीतल्या दोन विद्यार्थ्यांचे गणित घेऊ. पहिल्याला आकारिकमध्ये ४० पैकी ३६, तोंडीत १० पैकी ८ आणि लेखीत ५० पैकी १८ गुण आहेत. दुसऱ्याला आकारिकमध्ये २४, तोंडीत ६ आणि लेखीत ३२. दोघांची बेरीज ६२, दोघांनाही ब-२.

पहिला मुलगा वह्या, प्रकल्प वेळेवर देतो, तोंडी उत्तरेही देतो. पण एकट्याने पेपर सोडवताना अडतो. दुसऱ्याला पेपर जमतो, पण वर्गकामात आणि स्वाध्यायात तो मागे आहे. पहिल्याला वेळ लावून पेपर सोडवण्याचा सराव हवा, तर दुसऱ्याची वही रोज पाहायला हवी. ‘सराव हवा’ हा शेरा दोघांनाही सारखाच लागू पडतो आणि त्यामुळेच कुणाच्याच उपयोगाचा नसतो.

आठवीत काय बदलते?

पहिल्या मुलासाठी हा फरक पुढच्या वर्षी महागात पडू शकतो. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीत वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक आहे. आठवीत प्रत्येक विषयाची परीक्षा ६० गुणांची असून किमान ३५ टक्के, म्हणजे २१ गुण लागतात. कमी पडल्यास पुनर्परीक्षा होते आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहते. या मुलाचे संकलितचे गुण ६० पैकी २६ आहेत. म्हणजे हाताशी फक्त पाच गुण आहेत. ब-२ पाहून याचा अंदाजही येत नाही.

मग तीन ओळी कोणत्या?

पहिली ओळ आकड्यांची. ज्या विषयात आकारिक आणि संकलित यांत सर्वाधिक अंतर आहे, तो विषय घ्यावा. दोन्हींचे कमाल गुण वेगळे असल्याने तुलना टक्क्यांत करावी.

दुसरी ओळ कारणाची. त्यासाठी उपस्थितीचा रकाना आणि ‘सुधारणा आवश्यक’ ही वर्णनात्मक नोंद एकत्र वाचावी. ‘विशेष प्रगती’ आणि ‘आवड, छंद’ या नोंदी मुलाला नक्की वाचून दाखवाव्यात. अडचण मात्र त्यांत सापडत नाही.

तिसरी ओळ पुढच्या सत्रात करायच्या एकाच कामाची.

पहिल्या मुलासाठी त्या अशा होतील :

१. गणित : आकारिक ९० टक्के, संकलित ४३ टक्के, लेखीत ५० पैकी १८.
२. ११० पैकी ८४ दिवस हजर. अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे मांडताना अडतो.
३. दर शनिवारी अपूर्णांकांची पाच शाब्दिक उदाहरणे, मदतीशिवाय, अर्ध्या तासात.

गुणच दिले नसतील तर?

अनेक प्रगतिपुस्तकांत फक्त श्रेणी असते. विषयवार गुण शिक्षकांच्या नोंदवहीत असतात. पालकसभेत ‘मूल कसे आहे?’ असे विचारण्याऐवजी आकारिक, तोंडी आणि लेखी हे तीन आकडे मागावेत. लेखीचे गुण कमी असतील, तर तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला मागावी. उत्तरे चुकली आहेत की प्रश्न कोरेच सोडले आहेत, हे तिथेच दिसते आणि तिसरी ओळ त्यावरूनच ठरते.