फोटोतले आकडे आणि ऑडिटरला लिहायचं पत्र

गृहनिर्माण संस्थेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि खजिनदाराच्या कपाटातल्या फाइली बाहेर येतात. प्लंबरची वहीच्या पानावर लिहिलेली पावती, जनरेटरच्या डिझेलचं पेट्रोल पंपावरचं गुळगुळीत बिल, लिफ्टवाल्याचं छापील इनव्हॉइस, झाडूवाल्या मावशींच्या सहीचं व्हाउचर, असं सगळं त्यांत असतं. पूर्वी कुणीतरी बसून हे आकडे एकेक करून किर्दीत उतरवत असे. आता अनेक ठिकाणी मोबाइलवर फोटो काढले जातात, सॉफ्टवेअर त्यांतले आकडे वाचतं आणि एक्सेलची शीट तयार होते. ऑडिटरपुढे येते ती ही शीट. तिच्यातला कोणता आकडा माणसाने कागदावरून वाचला आणि कोणता यंत्राने, हे शीट बघून कळत नाही. ते सांगण्यासाठी शीटसोबत एक-दीड पानांचं पत्र द्यावं लागतं.

या पत्राला लेखापरीक्षणाच्या नियमांत आधार आहे. भारतातले चार्टर्ड अकाउंटंट ज्या मानकांनुसार काम करतात, त्यांतलं एसए ५०० हे मानक पुराव्याविषयी आहे. मूळ कागद हा झेरॉक्स, फॅक्स किंवा डिजिटल प्रतीपेक्षा जास्त भरवशाचा, असं ते सांगतं. प्रतीवर किती विसंबायचं हे ती कशी तयार केली आणि कशी जपली यावर ठरतं. फोटो कुणी काढले, आकडे कशाने वाचले, कुणी कशाशी ताडून पाहिले, ही माहिती ऑडिटरला हवी असते ती यासाठीच.

यंत्राच्या चुकांना एक ठरावीक वळण असतं. आपल्याकडे रकमेपुढे ‘/-’ अशी खूण करायची सवय आहे. हाताने लिहिलेल्या 450/- मधली तिरपी रेघ यंत्राला एकासारखी दिसते आणि शीटमध्ये 4501 उमटतात. रकमेआधीच्या ₹ या चिन्हाचा कधी 2 होतो, कधी 7, आणि साडेबाराशेचे एकवीस हजार अडीचशे होतात. देवनागरी हस्ताक्षरात १ आणि ९, तसेच ४ आणि ५ यांची गल्लत होते. पेट्रोल पंपावरचं बिल उष्णतेने उमटणाऱ्या थर्मल कागदावर छापलेलं असतं. फायलीत काही महिने राहिलं की ते फिकटतं आणि फोटोत आकड्यांच्या जागी करडे डाग येतात.

एकूण बेरीज जुळली की या चुका नाहीत, असं अनेकांना वाटतं. बेरीज फार थोडं सांगते. प्लंबरचे 1700 रुपये 1100 असे वाचले गेले आणि सुरक्षारक्षकाच्या गणवेशाचे 1100 हे 1700 झाले, तर एकूण खर्च रुपयानेही बदलत नाही. खतावणीतली दोन खाती मात्र चुकतात. चेकने किंवा एनईएफटीने दिलेली रक्कम बँकेच्या पासबुकातल्या नोंदीशी एकेक करून ताडता येते. रोखीच्या व्हाउचरला असा तिऱ्हाईत साक्षीदार नसतो, म्हणून हाताने तपासायची निवड करताना रोख खर्चाचा वाटा मोठा ठेवावा लागतो.

ही निवड कशी होते ते एका काल्पनिक उदाहरणावरून बघता येईल. समजा, एका संस्थेची वर्षभराची ३१२ व्हाउचरं आहेत. त्यांतली दहा हजार रुपयांवरची ३८ सगळीच्या सगळी मूळ कागदावरून वाचली जातात. उरलेल्यांपैकी देवनागरी हस्ताक्षरातली ६१ आणि फिकट किंवा डागाळलेली १७ यांनाही तोच नियम लागतो. अशी ११६ झाली. राहिलेली १९६ छापील आणि स्वच्छ आहेत. त्यांतली नमुन्यादाखल किती तपासायची?

खजिनदाराच्या मनात पहिल्यांदा येतो तो वीसचा आकडा. पण दर दहा व्हाउचरांत एक चूक असली, तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या वीसांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. म्हणजे वीस स्वच्छ निघाली म्हणून खात्री देता येत नाही. साठ तपासली, तर दर वीसांत एक इतकी विरळ चूकही पूर्णपणे निसटण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. म्हणून आपल्या उदाहरणात साठ निवडली.

तपासणाऱ्याने शीट मिटून ठेवायची, कागदावरची रक्कम वाचून वेगळ्या रकान्यात लिहायची आणि मगच दोन्ही रकाने शेजारी ठेवायचे. पडद्यावरचा आकडा आधी पाहिला की डोळा कागदावरही तोच शोधू लागतो. अंकातली रक्कम अक्षरी रकमेशी ताडायची आणि तारीखही वाचायची, कारण मार्च आणि एप्रिलची अदलाबदल झाली तर खर्च चुकीच्या वर्षात जातो. हे काम फोटो काढणाऱ्याखेरीज दुसऱ्याने केलेलं बरं. व्हाउचर क्रमांकांची साखळीही बघावी लागते. पान चिकटून राहिल्याने फोटो निघालाच नाही, किंवा एकाच पावतीचे दोन निघाले, तर रकमा कितीही नीट वाचल्या तरी खर्च चुकतो.

आपल्या उदाहरणातल्या साठांत एक चूक निघाली, ‘/-’ चा एक झाल्याची. ती दुरुस्त करून पुढे जाणं पुरेसं नाही. बाकीच्या १३६ मधून शेवटी 1 असलेल्या सगळ्या रकमा गाळून काढल्या तेव्हा नऊ मिळाल्या. कागद पाहिल्यावर त्यांतल्या दोन चुकीच्या ठरल्या.

आता पत्रातला मुख्य परिच्छेद असा लिहिता येतो: ‘एकूण व्हाउचरं ३१२. मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून सॉफ्टवेअरने आकडे वाचले. १८५ व्हाउचरांची तारीख आणि रक्कम मूळ कागदावरून पुन्हा वाचली आहे (११६ ठरवून, ६० नमुन्यादाखल, ९ चुकीचा प्रकार लक्षात आल्यावर). १२७ व्हाउचरांचे आकडे माणसाने वाचलेले नाहीत. यंत्राने वाचलेली रक्कम आणि दुरुस्त रक्कम वेगवेगळ्या रकान्यांत ठेवली आहे. जुनी रक्कम पुसलेली नाही.’ प्रत्येक ओळीपुढे फोटोच्या फाइलचं नाव आणि तपासणाऱ्याची आद्याक्षरं येतात.

‘सर्व व्हाउचरं तपासली आहेत’ असं एकच वाक्य लिहिलं तर ऑडिटरच्या हाती काहीच लागत नाही. तपासली म्हणजे कागद पाहिला की मोठा करून फोटोच पाहिला, हे त्यातून कळत नाही. फोटोवरूनच पुन्हा वाचलं असेल तर तसं लिहायचं, कारण फोटोत कापली गेलेली कडा मोठी करूनही दिसत नाही.

अर्थात पत्र चोख असलं म्हणून ऑडिटरचं काम संपत नाही. संस्थेने लेखी दिलेलं निवेदन एकट्याने पुरेसा पुरावा ठरत नाही, असं एसए ५८० हे मानक सांगतं. म्हणून ऑडिटर त्या १२७ मधून स्वतःच्या निवडीची काही व्हाउचरं मागतो, तपासलेल्या १८५ मधलीही काही उघडतो. साठांतून मिळालेली एक चूक पत्रात दिसते, तेव्हा आपला नमुना लहान ठेवायचा की वाढवायचा हे त्याला ठरवता येतं.

शेवटी न वाचता आलेल्या पावत्या उरतात. फिकट सतरांपैकी तीन कागदावरही वाचता आल्या नाहीत असं धरू. पत्रात त्यांचे व्हाउचर क्रमांक येतात, किर्दीत धरलेल्या रकमा येतात आणि त्या कशावरून धरल्या तेही येतं. दोनांच्या रकमा यूपीआयच्या नोंदीवरून मिळाल्या, तिसरी खजिनदाराच्या डायरीवरून. यूपीआयची नोंद बँकेकडे असल्याने ऑडिटर पहिल्या दोन बहुधा मान्य करेल. डायरी संस्थेच्याच माणसाने लिहिलेली आहे, म्हणून तिसरीसाठी तो पंपाकडून बिलाची दुसरी प्रत आणायला सांगू शकतो, किंवा पुरावा अपुरा असल्याची नोंद अहवालात करू शकतो. तशी नोंद झाली, तर संस्थेला दोष दुरुस्ती अहवालात त्या एका डिझेलच्या बिलाबद्दल उत्तर द्यावं लागतं.