स्लॅब रात्री का तापतो, आणि पांढऱ्या गच्चीने काय होतं

तायांनो, मागच्या उन्हाळ्यात विंचूरच्या गटांच्या बैठका मी मुद्दाम संध्याकाळी ठेवल्या होत्या. दिवसभर कांदा काढणी असायची. बैठकीत जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगायची. दुपारचं ऊन शेतात सोसतो, पण रात्री नऊ-दहाला घरात पाऊल ठेववत नाही. बाहेर वारा गार झालेला असतो आणि पंखा मात्र गरम हवाच फिरवत राहतो. लेकरं रडतात, म्हातारी माणसं ओट्यावर येऊन बसतात.

हे असं का होतं ते आधी समजून घेऊ, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

पत्र्याचं घर भर दुपारी तापतं आणि सूर्य गेला की लवकर निवतं. स्लॅबचं तसं नाही. चार-पाच इंच जाड काँक्रीट म्हणजे जाड बुडाचा तवा. गॅस बंद केला तरी तो बराच वेळ भाकरी भाजतो. दुपारी बाराला वरून शिरलेली उष्णता खालच्या बाजूला पोहोचायला तीन-चार तास, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून छत सगळ्यात जास्त तापतं ते संध्याकाळी, आणि मग रात्रभर ती धग आपल्या अंगावर सोडत राहतं. पंखा लावून उपयोग नाही, कारण पंखा छताजवळचीच हवा खाली ढकलतो.

म्हणजे उष्णता आत शिरल्यावर तिच्या मागे लागण्यापेक्षा दुपारी ती वरच अडवायची. इथे रंगाचं काम सुरू होतं. मे महिन्यात भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. एक कपड्यांची इस्त्री १००० वॉटची धरली, तर २०० चौरस फुटांच्या म्हणजे साधारण साडेअठरा चौरस मीटरच्या गच्चीवर अठरा इस्त्र्यांएवढं ऊन असतं. करडा स्लॅब त्यातलं दोन तृतीयांश पिऊन घेतो, म्हणजे बारा इस्त्र्या. स्वच्छ पांढरी गच्ची बरंचसं ऊन परत फेकते आणि चार-पाच इस्त्र्यांएवढंच घेते. यातलं सगळंच काही घरात येत नाही, बरंच वाऱ्याने उडून जातं. पण फरक कुठून पडतो ते यावरून दिसतं.

नुसती चमक पुरत नाही, हेही लक्षात ठेवा. नवा कोरा पत्रा चकचकीत असतो, ऊन परतही फेकतो, तरी हात लावला तर चटका बसतो. कारण जी थोडी उष्णता तो घेतो, ती सोडायला त्याला जमत नाही. चुना किंवा पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि घेतलेली उष्णता सोडूनही देतो. या दोन्ही गुणांचा मिळून एक आकडा असतो, त्याला एसआरआय म्हणतात. गच्चीचा तयार रंग घ्यायचा असेल तर दुकानात हा आकडा विचारा. जितका मोठा तितका चांगला. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलं म्हणजे गार करणारा, असं नाही. वीटकरी आणि करड्या रंगाचे वॉटरप्रूफ लेप आपल्याकडे खूप विकले जातात. ते गळती थांबवतात, घर गार करत नाहीत.

आता विंचूरमधल्याच एका ताईच्या घराचं सांगते. दोन खोल्या, एक मजली, गच्ची ४०० चौरस फुटांची. सगळी रंगवायच्या आधी आम्ही झोपायच्या खोलीवरची अर्धीच करायची ठरवली. ५ किलो चुन्याची भुकटी, अर्धा किलो फेव्हिकॉल आणि ताकाइतकं पातळ होईल एवढं पाणी. दोन हात मारायचे.

पहिल्यांदा फसलो, आणि चूक माझी होती. मी बैठक आटोपून दुपारी पोहोचले आणि लगेच काम सुरू केलं. तापलेल्या स्लॅबवर चुना मारला की पाणी लगेच उडतं आणि थर धरतच नाही. दोन दिवसांत बोट फिरवलं तर पांढरी पावडर हाताला. शिवाय आम्ही नुसतं झाडलं होतं, शेवाळ्याचा काळा थर तसाच होता. दुसऱ्यांदा तारेच्या ब्रशने घासून गच्ची धुतली, दिवसभर वाळू दिली, भेगा सिमेंटने बुजवल्या. मग संध्याकाळी स्लॅब किंचित ओला करून पहिला हात मारला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दुसरा, आडवा मारला असेल तर उभा. ते टिकलं.

काम झालं की नाही ते बघायला यंत्र लागत नाही. दुपारी एकला अनवाणी गच्चीवर जा. करड्या भागावर दोन पावलं टाकवत नाहीत, पांढऱ्यावर उभं राहता येतं. खरी परीक्षा मात्र रात्री आठला. स्टुलावर उभं राहून दोन्ही खोल्यांच्या छताला तळहात लावा. त्या ताईने लावला आणि सासूबाईंचं अंथरूण त्याच रात्री आत आणलं.

जास्तीची आशा ठेवू नका. खोलीच्या हवेत साधारण २ ते ५ अंशांचा फरक पडतो, तोही गच्चीच्या थेट खालच्या खोलीत. खाली दुसरा मजला असेल तर त्याला काही मिळत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन पडत असेल तर ती तापणारच. रात्री खिडक्या उघड्या हव्यातच.

चुना की रंग, हे तुम्ही विचारणारच. तयार रंग काही वर्षं टिकतो, पण महाग पडतो. डब्यावर लिटरला किती चौरस फूट लिहिलंय ते दोन हातांचं आहे की एकाचं, हे नीट वाचा. चुना स्वस्त, पण पावसात बराच धुऊन जातो. माझं मत चुन्याकडे झुकतं, आणि त्याला निफाडची थंडी कारण आहे. आपला तालुका डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या सगळ्यात गार ठिकाणांत असतो. तेव्हा दुपारचं ऊन स्लॅबने साठवलेलंच बरं. मार्चमध्ये लावलेला चुना पावसाने निघून गेला तर हिवाळ्यात गच्ची पुन्हा करडी होते, आणि ते आपल्या सोयीचं आहे.

अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उन्हाळ्यासाठी उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ पासून त्यात वस्त्यांमधली छपरं पांढरी करणंही धरलं. तिथेही बऱ्याच ठिकाणी चुनाच वापरला गेला.

धूळ हा आपला मोठा शत्रू आहे. काढणीच्या दिवसांत पांढरी गच्ची पंधरा दिवसांत मळकी होते आणि मळकी गच्ची पुन्हा ऊन पिते. मार्च ते मे आठवड्यातून एकदा तरी मऊ झाडूने झाडा. पाण्याची टंचाई असते, म्हणून धुवा म्हणत नाही. कुरडया-पापड वाळवताना खाली जाड कापड किंवा बाज हवी, थेट चुन्यावर काही पसरू नका. गच्चीचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

कळीचा चुना आणलात तर तो पाण्यात खळखळून उकळतो. लेकरांना जवळ येऊ देऊ नका, लोखंडी पिंपात भिजवा आणि रात्रभर निवू द्या. मारताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेत. डोळ्यात उडाला तर न चोळता पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.